आठ मिस्काल म्हणजे किती?

आग्र्यात १५२६ च्या मे महिन्यात एक हिरा या हातातून त्या हातात फिरला. पानिपतच्या लढाईत मारल्या गेलेल्या ग्वाल्हेरच्या विक्रमजिताच्या घरच्यांनी तो हुमायूनला दिला. हुमायूनने तो बापापुढे ठेवला आणि बापाने तिथल्या तिथे मुलाला परत करून टाकला. बाप म्हणजे बाबर. त्याने आपल्या आठवणींत या प्रसंगाला चार ओळी दिल्या आहेत. हिरा कधीकाळी अलाउद्दिनाने आणला होता म्हणतात, एका पारख्याने त्याची किंमत साऱ्या जगाच्या अडीच दिवसांच्या अन्नाएवढी सांगितली होती, असे तो लिहितो. आणि शेवटी वजन देतो: सुमारे आठ मिस्काल.

हा हिरा म्हणजेच कोहिनूर का, हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. कोहिनूर १८४९ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला, १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडला गेला आणि १८५२ मध्ये नव्याने पैलू पाडून जवळजवळ निम्मा करण्यात आला. पैलू पाडण्याआधीचे त्याचे वजन नोंदलेले आहे: १८६ पूर्णांक १/१६ कॅरट. त्या काळचा लंडनचा कॅरट सुमारे २०५ मिलिग्रॅमचा. (कॅरट बरोबर २०० मिलिग्रॅमचा मानायचे ठरले १९०७ मध्ये.) म्हणजे ३८.२ ग्रॅम, आजच्या कॅरटमध्ये १९१. आता बाबराच्या आठ मिस्कालांचे ग्रॅम केले की उत्तर मिळायला हवे. गुणाकार तर एकच करायचा आहे.

तो कशाने करायचा, तिथे सगळे अडते.

मिस्काल हे अरबी वजन. कोशात पाहिले तर पहिला आकडा मिळतो ४.२५ ग्रॅम. तो हवेतला नाही, चांगला पक्का आहे. उमय्या खलिफा अब्दुल मलिक याने हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इ.स. ६९६-९७ च्या सुमारास, सोन्याचा नवा दिनार पाडला. त्याचे वजन एक मिस्काल ठरवले होते. हे दिनार आजही शेकड्यांनी उपलब्ध आहेत आणि तराजूत टाकता येतात.

मात्र ते तराजूत टाकतानाही एक पथ्य आहे. नाणे वापराने झिजते, लबाड लोक त्याच्या कडा तासतात. नाण्याचे वजन काळाबरोबर घटते, वाढत मात्र कधीच नाही. म्हणून शंभर नाणी घेऊन त्यांची सरासरी काढली तर उत्तर नेहमी कमी येते. जाणकार सरासरीच्या वाटेला जात नाहीत. सगळी वजने क्रमाने मांडून ती वरच्या टोकाशी कुठे दाटीने जमतात ते पाहतात. टाकसाळीचे खरे माप त्या दाटीत असते. दिनारांची दाटी ४.२५ च्या अगदी जवळ दिसते.

याला दुसरा साक्षीदारही आहे, आणि तो मला नाण्यांपेक्षा आवडतो. आठव्या शतकातल्या इजिप्तमध्ये नाणी पारखण्यासाठी काचेची वजने ओतत. पेढीवरच्या पेढेघाटाच्या ठशासारखी गोल, चपटी, हिरवट काच, आणि तिच्यावर अधिकाऱ्याचे नाव आणि हे वजन अमुक नाण्याचे, असा छाप. काचच का? ती गंजत नाही, ओल पीत नाही, आणि कोणी कोपरा घासला तर लगेच दिसते. दिनाराची ही काचवजने ग्रॅमच्या दोन-तीन शतांशांच्या फरकाने नाण्यांशीच जुळतात.

तर मग ४.२५ गुणिले आठ म्हणजे ३४ ग्रॅम, १७० कॅरट. कोहिनूर १९१ चा. एकवीस कॅरटचा फरक आहे, तेव्हा हा तो हिरा नव्हे. प्रकरण मिटले?

नाही. दमास्कसच्या सातव्या शतकातल्या खलिफाचे माप सोळाव्या शतकातल्या, फरगण्यात जन्मून काबूलवर राज्य केलेल्या माणसाच्या तोंडी घालण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. वजनाचे नाव टिकते, वजन टिकत नाही. आपल्याकडे याचे उदाहरण सराफकट्ट्यावर रोज घडते. आज सराफ ‘तोळ्याचा भाव’ सांगतो तेव्हा तो दहा ग्रॅमचा भाव असतो. आजीच्या पाटल्या ‘पाच तोळ्यांच्या’ होत्या त्या तोळा ११.६६ ग्रॅमचा असताना. शब्द तोच, वजन सातवा हिस्सा कमी. तीनशे वर्षांनंतरच्या एखाद्या अभ्यासकाने आजीची यादी आजच्या तोळ्याने मोजली तर त्याला वाटेल, मधल्या मधे कोणीतरी सोने वाढवले.

अरबी-फारसी जगात हा प्रकार गावागणिक चाले. मराठीत जुनी माणसे अजून ‘अर्धा रत्तल चहा’ म्हणतात तो रत्तल मूळचा अरबी ‘रत्ल’. आपल्याकडे तो इंग्रजी पौंडाच्या जागी बसला, साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. बगदादचा रत्ल सुमारे १३० दिरहमांचा, म्हणजे चारशे ग्रॅमच्या थोडा वर. दमास्कसचा मात्र ६०० दिरहमांचा, पावणेदोन किलोंच्याही पुढे. बगदादचा व्यापारी दमास्कसच्या बाजारात ‘दोन रत्ल खजूर’ म्हणाला तर हमालच बोलवावा लागला नसता, पण पिशवी मोठी हवी होती. ‘मण’ या शब्दाची गत आपल्याला घरचीच माहीत आहे. जुन्या अरबी हिशेबात मण दोन बगदादी रत्लांचा, एक किलोही न भरणारा. तबरीझचा जवळजवळ तीन किलोंचा. अकबराचा पंचवीस किलोंचा. म्हणून ‘मण म्हणजे किती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुठला, कधीचा आणि कशाचा, हे विचारल्याखेरीज त्याला उत्तर नाही.

वॉल्थर हिंट्स या जर्मन इराणतज्ज्ञाने १९५५ मध्ये इस्लामी वजन-मापांवरचे आपले पुस्तक काढले. या विषयातले लोक आजही पहिल्यांदा तेच उघडतात. आकाराने ते लहान आहे, पण त्याची मांडणी बघण्यासारखी: एकेका मापाखाली शहरे आणि शतके. त्याचे रशियन भाषांतर १९७० मध्ये निघाले तेव्हा त्याच्या जोडीने येलेना दाविदोविच या नाणेशास्त्रज्ञ बाईंचे मध्य आशियाच्या वजनांवरचे काम छापले गेले. बाबराच्या मायभूमीसाठी आपल्याला तेच हवे. पण तिकडे जाण्याआधी बाबरालाच विचारून पाहू. लेखकाने स्वतः काही सांगितले असेल तर ते कोणत्याही कोशाच्या आधी येते.

आणि बाबराने सांगितले आहे. तो हौशी टिपणकार होता. हिंदुस्थानातली फळे, पाखरे, पाणी उपसायची साधने यांच्याबरोबर त्याने इथल्या वजनांचाही तक्ता देऊन ठेवला. आठ रत्तींचा मासा. चार माशांचा टांक. पाच माशांचा मिस्काल. बारा माशांचा तोळा. चौदा तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. रत्ती म्हणजे आपली गुंज. लाल अंगाचे, काळ्या डोळ्याचे ते बी. सोनाराच्या दुकानात कोष्टक पाठ केलेल्या कोणाही मराठी माणसाला हा तक्ता वाचून घरी आल्यासारखे वाटेल: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा.

या तक्त्यात एक दुवा फार मोलाचा आहे. मिस्काल बाबर बरोबर घेऊन आलेला, मासा इथला. पाच मासे म्हणजे एक मिस्काल असे सांगून त्याने दोन्ही पद्धतींची गाठ मारून दिली. मग हिरा झाला चाळीस मासे, म्हणजेच ३२० गुंजा.

आता गुंजेचे ग्रॅम. इथे दुसरा खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडले. खरे बी आणून तोलायचा मोह होतो, पण एका शेंगेतल्या दोन बिया सारख्या भरत नाहीत, आणि बाजारात गुंज हे बी न राहता धातूचे वजन झालेले असते. दुसरा सोपा मार्ग तोळ्याचा. ११.६६ भागिले ९६, उत्तर ०.१२१५ ग्रॅम. त्याने ३२० गुंजांचे होतात ३८.९ ग्रॅम, १९४ कॅरट. वा! कोहिनूर जवळ आला. पण ११.६६ ग्रॅमचा तोळा हा ईस्ट इंडिया कंपनीने १८३३ मध्ये १८० ग्रेनला बांधून दिलेला तोळा. बाबराला मरून तेव्हा तीनशे वर्षे झाली होती. उत्तर जवळ आले म्हणून वाट बरोबर ठरत नाही.

बाबराच्या जवळचे काय सापडते? त्याच्या नातवाचा कारभार. अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त नाण्यांची वजने माशांत आणि सुर्खांत दिली आहेत. सुर्ख म्हणजे पुन्हा गुंजच, फारसीत लाल. अकबराचा चांदीचा रुपया साडेअकरा माशांचा, असे तो सांगतो. चांगल्या राहिलेल्या अकबरी रुपयांची वरची दाटी साडेअकरा ग्रॅमशी आहे. म्हणजे मासा जवळजवळ बरोबर एक ग्रॅमचा निघाला. एका रुपयावर विसंबू नये म्हणून तांब्याचा दाम घेऊ. तो एक तोळा, आठ मासे, सात सुर्ख, असे आईन म्हणते: ९६ अधिक ६४ अधिक ७, एकूण १६७ सुर्ख. दाम भरतो सुमारे २०.९ ग्रॅम. भागून आले ०.१२५. आठने गुणले की पुन्हा एक ग्रॅमचा मासा. चांदी आणि तांबे, दोन वेगळी नाणी, दोन वेगळ्या नोंदी, एकच उत्तर. या कामात असा मेळ बसला की माणूस खुर्चीत मागे रेलतो.

रेलू नये. कारण या माशाने बाबराचा हिरा होतो बरोबर ४० ग्रॅम, २०० कॅरट. आणि मिस्काल होतो पाच ग्रॅमचा. पाच ग्रॅमचा मिस्काल? दिनाराचा ४.२५, इराणातला पुढच्या काळातला ४.६ च्या आसपास, इजिप्तचा ४.७ च्या आत. पाच फारच जड झाला. कुठेतरी चूक आहे आणि ती कुठे असू शकेल ते दिसते. अकबराने आपल्या कारभारात वजने हलवली होती. शेर काही ठिकाणी अठरा दामांचा, काही ठिकाणी बावीस दामांचा होता, अकबराच्या सुरुवातीच्या काळात अठ्ठावीसचा झाला, आणि आता तीसचा आहे, असे आईनच सांगते. चाळीस-पन्नास वर्षांत शेर इतका फुगला असेल तर मासा जागच्या जागी राहिला, हे गृहीत धरणे भाबडेपणाचे.

म्हणून दुसऱ्या टोकाने यायचे, मिस्कालाच्या. आता दाविदोविच. समरकंद-बुखाऱ्याकडच्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या मिस्कालासाठी त्यांनी काढलेला आकडा आहे ४.८ ग्रॅम. बाबराच्या कानावर लहानपणापासून पडलेला मिस्काल हाच. आठने गुणले: ३८.४ ग्रॅम, १९२ कॅरट. आणि ४.८ ला पाचने भागले तर मासा येतो ०.९६ ग्रॅम, अकबराच्या माशापेक्षा थोडा हलका, पण अविश्वसनीय वाटावा असा नव्हे. कोहिनूर होता ३८.२.

इथे टाळी वाजवण्याआधी बाबराचा एक शब्द परत वाचायला हवा. ‘सुमारे’. त्याने हिरा स्वतः तोलल्याचे लिहिलेले नाही. सव्वाआठ असते किंवा पावणेआठ, तरी तो ‘सुमारे आठ’ म्हणालाच असता. पाव मिस्काल म्हणजे १.२ ग्रॅम, सहा कॅरट. तेव्हा ४.८ अगदी बिनचूक मानला तरी हिरा १८६ ते १९८ कॅरटांच्या दरम्यान कुठेही बसतो. मिस्कालातली शंका त्यात मिसळली की पट्टा आणखी रुंद होतो. ‘आठ मिस्काल (३८.४० ग्रॅम)’ असे छापील पानावर दिसते तेव्हा त्या दशांशानंतरच्या शून्याने वाचकाला फसवलेले असते. लेखकाने एक आकडी अंदाज दिला, भाषांतरकाराने त्याचे चार आकडी सत्य केले.

दुसरी सावधगिरी उलट्या हिशेबाची. हा हिरा कोहिनूरच, असे आधी धरून कोणी ३८.२ ला ३२० ने भागले आणि ‘बाबराची गुंज ०.११९ ग्रॅमची’ असे लिहून ठेवले, की पुढचा माणूस तीच गुंज उचलून हिरा मोजतो आणि कोहिनूर अचूक जुळला म्हणून हरखतो. साप आपलीच शेपटी गिळत असतो. कोष्टकातला कोणताही आकडा उचलताना तो नाण्यावरून आला, काचेवरून आला, की ज्या वस्तूचे वजन आपण काढायला निघालो तिच्यावरूनच आला, हे पाहावे लागते.

या गोष्टीला एक फ्रेंच पुरवणी आहे. झाँ बाप्तिस्त ताव्हेर्निए हा जवाहिरांचा व्यापारी १६६५ च्या नोव्हेंबरात औरंगजेबाच्या दरबारी होता. बादशहाचे जडजवाहीर त्याला हातात घेऊन बघायला मिळाले. त्यातल्या सगळ्यात मोठ्या हिऱ्याचे वजन त्याने दिले ३१९ १/२ रत्ती. बाबराच्या ३२० ला अर्धी रत्ती कमी! एकोणिसाव्या शतकात हे वाचून अनेकांचे डोळे चमकले यात नवल नाही. बाबराची ३२०, औरंगजेबाची ३१९ १/२, लंडनचा कोहिनूर. तीन टिंबे आपोआप एका रेषेत येतात.

पण ताव्हेर्निए पुढच्याच शब्दांत सांगतो की हे आपल्या हिशेबाने २७९ ९/१६ कॅरट होतात. गणित बरोबर आहे. तो रत्ती कॅरटच्या सात-अष्टमांश धरतो, ३१९ १/२ गुणिले ७/८. म्हणजे त्याची रत्ती ०.१७ ते ०.१८ ग्रॅमची, आपल्या गुंजेच्या दीडपट. त्याचा कॅरट फ्लोरेन्सचा धरला तरी हिरा ५५ ग्रॅमचा होतो. बाबराच्या हिऱ्यात आणखी अर्धा-एक अंडाभर नव्हे, पण चांगली एक अंगठीभर नव्हे तर अनेक अंगठ्यांची भर.

ज्यांना एकच हिरा हवा होता त्यांनी म्हटले, ताव्हेर्निए चुकला, त्याने साधी रत्ती मोत्यांच्या रत्तीने बदलली. हे होऊ शकते. जवाहिऱ्यांची रत्ती सोनारांच्या रत्तीहून मोठी होती, त्याला अकबरी आधारही आहे: बाबराचा टांक चार माशांचा म्हणजे ३२ रत्तींचा, तर आईनमध्ये जवाहिऱ्यांचा टांक २४ सुर्खांचा. टांकाचे वजन सारखेच धरले तर जवाहिऱ्याची रत्ती सोनाराच्या रत्तीच्या सव्वापटीहूनही थोडी जास्त भरते. पण मग उलटाही प्रश्न येतो. जन्मभर रत्ती आणि कॅरट यांच्या फरकावर पोट भरणारा व्यापारी नेमका सर्वांत मोठ्या हिऱ्यापाशी कोणती रत्ती चालू आहे हे विसरला? आणि वजनाव्यतिरिक्तही एक गोष्ट आहे. तो म्हणतो, हिरा मध्ये कापलेल्या अंड्याच्या आकाराचा होता. कोहिनूरचा जुना घाट असा अर्ध्या अंड्यासारखा गोलसर नव्हता, तो चपटा होता. ताव्हेर्निएच्या या हिऱ्याचा आज पत्ता नाही; त्याला ‘ग्रेट मुघल’ म्हणतात.

मला विचाराल तर ताव्हेर्निएची रत्ती बदलायला पुरेसे कारण नाही. लेखकाने स्वतः रूपांतर करून दिले असेल तर ते मोडण्याआधी त्याच्या इतर नोंदी त्याच मापाने तपासाव्यात. तो सात-अष्टमांशाचे प्रमाण एकाच हिऱ्यापुरते वापरत नाही, सगळीकडे वापरतो. ते चुकीचे असेल तर त्याचे सगळे हिरे दीडपट फुगलेले असले पाहिजेत, आणि ते दाखवायची जबाबदारी आपली. ३१९ १/२ आणि ३२० हे आकडे शेजारी दिसतात कारण दोन्हींपुढे ‘रत्ती’ लिहिले आहे. आजीच्या पाटल्यांची यादी आणि सराफाची पावती शेजारी ठेवली तरी ‘तोळे’ असेच जुळतात.

बाबराच्या हिऱ्यापुरते सांगायचे तर वजनाच्या अंगाने तो कोहिनूर असायला हरकत नाही, एवढेच निघते. त्यासाठीही आणखी एक अट पाळावी लागते: १५२६ ते १८५१ या सव्वातीनशे वर्षांत, दिल्ली-इराण-काबूल-लाहोर एवढ्या फेऱ्यांत, कोणी त्या दगडाला सहाण लावली नसली पाहिजे. आठ मिस्कालांच्या पुढे कंसात काय लिहायचे, असे एखाद्या संपादकाने विचारले तर मी लिहीन: ‘मध्य आशियाई मिस्कालाने सुमारे ३८ ग्रॅम, ३६ ते ४० च्या दरम्यान’.